दिसायला चांगली आणि वापरायला चांगली: आईसाठी, मामांसाठी वेबसाइट पारखताना

पत्र

माझी आई ७६ वर्षांची आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण आता एका डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय आणि दुसराही तसा अधूच आहे. अक्षरं खूप मोठी करून वाचते. मामांना जवळपास काहीच दिसत नाही, ते फोनवर समोरचं सगळं वाचून दाखवणारा टॉकबॅक लावून ऐकतात. दोघांनाही डॉक्टरांची वेळ स्वतः घ्यायची आहे, दर वेळी मला सांगायचं नाही. दोन वेबसाइटच्या लिंक पाठवते. मला तर दोन्ही सारख्याच चांगल्या वाटल्या. यातली कोणती द्यायची, आणि पुढच्या वेळी मी स्वतः कसं पारखायचं?

— एक मुलगी आणि भाची

उत्तर

तुमच्या दोन्ही लिंक घेऊन मी दोन संध्याकाळी बसले. नावं छापत नाही. एकीला पहिली म्हणते, एकीला दुसरी. निकाल आधी सांगून टाकते. आईला दुसरी द्या. मामांनाही दुसरीच द्या, पण त्यांच्याबरोबर एकदा बसून एक काम आधी उरकून ठेवावं लागेल, ते पुढे येईलच.

तुम्हाला दोन्ही सारख्या वाटल्या याचं कारण बहुधा असं की तुम्ही त्यांची पहिली पानं पाहिलीत. पहिलं पान सगळ्यांचंच नीटनेटकं असतं, त्यावर सर्वांत जास्त मेहनत झालेली असते. आईला तिथे काहीच काम नाही. तिचं काम आहे वेळ मिळवणं, आणि त्या वाटेवर मी मोजली तर सात पानं लागली: पहिलं पान, डॉक्टरांची यादी, एका डॉक्टरांचं पान, कॅलेंडर, रुग्णाची माहिती, मोबाइलवर आलेला ओटीपी, आणि शेवटी ‘नक्की करा’. माणूस अडकतो तो चौथ्या-पाचव्या पानावर. म्हणून वेबसाइट पारखायची ती एका कामाने, सुरुवातीपासून शेवटच्या बटणापर्यंत. शेवटचं बटण दाबू नका, म्हणजे कुणाची वेळ अडून राहणार नाही. आणि शक्य असेल तर ही तपासणी आईच्याच फोनवर, तिच्याच सेटिंगवर करा. तुमच्या फोनवर चाललेली वेबसाइट तिच्या फोनवर चालेलच असं नाही, कारण तिच्या फोनवरची अक्षरं आधीच मोठी केलेली आहेत.

आता आईच्या डोळ्यांपासून सुरुवात करू. म्हाताऱ्या डोळ्यांना फक्त मोठी अक्षरं हवीत असं आपण धरून चालतो, पण मोठेपणाइतकाच प्रश्न फिकेपणाचा असतो. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली आक्रसते आणि भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे पडद्यापर्यंत उजेडच कमी पोचतो. आईचं भिंग शस्त्रक्रियेत बदललेलं आहे, त्यामुळे तो पिवळेपणा गेला असेल. पण पडद्याचा मधला भाग बिघडला की अक्षर आणि त्यामागचा रंग यांतला थोडा फरक ओळखण्याची ताकद कमी होते. पांढऱ्यावरचं काळं अक्षर तिला दिसतं. पांढऱ्यावरचं राखाडी अक्षर, ते कितीही मोठं केलं तरी, धुक्यातच राहतं.

हा फरक मोजता येतो. त्याला काँट्रास्ट म्हणतात आणि तो गुणोत्तरात सांगतात. शुभ्र पांढऱ्यावर पूर्ण काळं म्हणजे २१ : १, याहून जास्त होऊच शकत नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जे नियम केले आहेत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, त्यांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ : १ मागितलं आहे. हा ४.५ चा आकडा कुठून आला ते तुम्हाला कळायला हवं, कारण त्यावर आईचा निर्णय ठरतो. साधारण ८० वर्षांच्या माणसाची नजर चष्म्याच्या तक्त्यावर ६/१२ च्या आसपास असते असं धरून, तेवढ्या नजरेला जो फरक कमी पडतो तो भरून काढायला ४.५ ठरवला गेला. त्याहून कमी नजरेसाठी, ६/२४ च्या आसपास, वरची पातळी ७ : १ ची आहे. म्हणजे ४.५ हा निरोगी म्हाताऱ्या डोळ्याचा हिशेब झाला. आईच्या डोळ्याला आजार आहे, तेव्हा तिच्यासाठी तुम्ही ७ च्या खाली समाधान मानू नका.

मोजायचं कसं? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्या अक्षरांवर उजवं क्लिक करून `Inspect` निवडा. उजवीकडे जी पट्टी उघडते तिथे `color` या शब्दापुढे रंगाचा छोटा चौकोन असतो. त्यावर क्लिक केलं की रंगांच्या चौकटीत `Contrast ratio` लिहून येतं. पहिल्या वेबसाइटवर कॅलेंडरखाली ज्या वेळा येतात, ‘४.००’, ‘४.१५’ वगैरे, त्यांचा रंग `#999999` निघाला. पांढऱ्यावर तो २.८५ : १ येतो. हे आईला दिसणारच नाही. आणि त्याच पानावर वरचं मोठं शीर्षक मात्र ठळक काळं आहे, म्हणून आपल्याला पान एकूण छान वाटतं. दुसऱ्या वेबसाइटवर सगळा मजकूर `#333333` आहे, १२.६३ : १. दिसायला ती रुक्ष आहे, हे खरं. पण सगळीकडे एकसारखी रुक्ष आहे, आणि आईला तेच हवंय.

कॉम्प्युटर हाताशी नसेल तर फोनची चमक निम्म्यावर आणा, फोन हातभर लांब धरा आणि खिडकीजवळ उभ्या राहून पाहा. जे आधी नाहीसं होतं ते बहुतेक वेळा फिकं असतं. ही मोजणी नव्हे, पण कोणत्या पानावर पुन्हा बघायचं ते कळतं. मुख्य मजकुरापेक्षा बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवा: रकान्यांच्या आत फिकट लिहिलेल्या सूचना, न निवडलेल्या वेळा, ‘रद्द करा’ची ओळ. फिकेपणा तिथेच लपलेला असतो.

मग मोठेपणा. पडद्याचा मध्य बिघडलेला माणूस अक्षराकडे थेट पाहू शकत नाही, नजर किंचित बाजूला नेऊन कडेच्या भागाने वाचतो. त्या भागाला बारीक दिसत नाही, म्हणून अक्षर खूपच मोठं लागतं आणि एका ओळीत थोडेच शब्द मावतात. खरी कसोटी इथे आहे. अक्षर मोठं झाल्यावर ओळ स्क्रीनच्या रुंदीत मोडून खाली आली पाहिजे. ती मोडली नाही, तर प्रत्येक ओळीसाठी बोटाने उजवीकडे जायचं, परत डावीकडे यायचं, आणि पुढची ओळ शोधायची. तीन ओळींत माणूस थकतो. आई थकली की ‘मला जमत नाही’ म्हणेल, ‘वेबसाइट नीट नाही’ असं म्हणणार नाही.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये `Ctrl` आणि `+` पाच वेळा दाबलं की पान १०० वरून २०० टक्क्यांवर जातं, आठ वेळा दाबलं की ४०० वर. `Ctrl` आणि `0` दाबलं की पूर्ववत. नियमांप्रमाणे २०० टक्क्यांवर काहीही हरवता कामा नये, आणि १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के केलं तरी मजकूर एकाच रकान्यात खाली खाली वाचता यायला हवा, आडवं सरकावं लागू नये. ही ४०० ची कसोटी म्हणजे फोनच्या रुंदीएवढ्या जागेत पान बसवून बघणं, त्यामुळे फोनवरचंही बरंच आधी कळतं.

पहिल्या वेबसाइटवर २०० टक्क्यांनाच काय झालं पाहा. कॅलेंडरची रुंदी ठरवून टाकलेली असल्यामुळे शनिवार आणि रविवारचे रकाने पडद्याबाहेर गेले. वर चिकटून बसणारी पट्टी, जिच्यात नाव आणि शोधायची जागा आहे, तीही दुप्पट झाली. खाली चिकटलेली ‘अॅप घ्या’ ही पट्टीसुद्धा. मधे जी जागा उरली त्यात जेमतेम दोन ओळी दिसत होत्या. ‘पुढे’ हे बटण खालच्या पट्टीच्या मागे गेलं होतं. ते आहे हे मला माहीत होतं म्हणून मी शोधलं. आईला ते पान तिथेच संपलं असं वाटलं असतं. चिकटून बसणाऱ्या पट्ट्या आणि मधेच उघडणाऱ्या चौकटी या दोन गोष्टी मोठं केल्यावर सर्वांत जास्त घात करतात, विशेषतः चौकट बंद करायची फुली पडद्याबाहेर गेली तर सुटकाच नसते. दुसरीवर ४०० टक्क्यांना डॉक्टरांच्या वेळांचा एक तक्ता आडवा पसरतो, हा तिचा दोष. पण वेळ घ्यायच्या वाटेवर तो तक्ता लागत नाही, म्हणून मी तो सोडून दिला.

फोनवर दोन बोटं फाकवून मोठं होतं का तेही बघा. काही वेबसाइट हे मुद्दाम बंद करतात. पानाच्या कोडमध्ये असं काही दिसलं तर समजायचं:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, user-scalable=no">
```

आयफोनवरचा सफारी ही बंदी मानत नाही, आणि अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात झूम सक्तीने सुरू ठेवायचा पर्याय आहे. तो आईच्या फोनवर आजच चालू करून टाका, कोणतीही वेबसाइट निवडलीत तरी. मात्र बोटांनी मोठं केल्यावर ओळी सहसा मोडत नाहीत, पान नुसतं भिंगाखाली धरल्यासारखं वाढतं. आईला रोजच्या वाचनासाठी क्रोमच्याच सेटिंगमधून मजकुराचा आकार वाढवलेला बरा.

देवनागरीची एक वेगळी अडचण आहे, जी इंग्रजी मजकुरावरून केलेल्या तपासणीत सुटून जाते. आपल्या मात्रा आणि अनुस्वार ओळीच्या वर असतात, उकार ओळीच्या खाली. ओळीची उंची पक्की ठरवून टाकली असेल तर अक्षर मोठं केल्यावर हेच तुकडे छाटले जातात. ‘में’ आणि ‘मे’, ‘कु’ आणि ‘क’ यांत फरक उरत नाही. पहिलीच्या बटणांवर उकार कापले जात होते. तेव्हा बटणावरचे शब्द मोठे करून एकदा नीट वाचा.

काही वेबसाइटवर कोपऱ्यात ‘अ- अ अ+’ अशी बटणं असतात किंवा व्हीलचेअरमधल्या माणसाचं चित्र तरंगत असतं. त्याला मी एकही गुण देत नाही. ‘अ+’ दाबून बघा: बहुतेकदा फक्त लेखाचा मजकूर मोठा होतो, बटणं, रकाने आणि कॅलेंडर आहेत तेवढेच राहतात. आणि तरंगणारं चित्र उघडून जे मिळतं ते आईच्या ब्राउझरमध्ये आणि मामांच्या फोनमध्ये आधीच असतं, त्याहून चांगलं आणि सगळ्या वेबसाइटवर एकसारखं. खाली कोडमध्ये बटणाला नावच नसेल तर वरून लावलेलं चित्र ते नाव नेमकं कुठून आणणार?

इथून मामांकडे येते. त्यांच्यासाठी पारखायचं तर तुम्हाला थोडा वेळ न बघता फोन वापरावा लागेल. टॉकबॅक चालू करण्याआधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या, कारण चालू झाल्यावर फोन नेहमीसारखा वागत नाही. सेटिंगमध्ये टॉकबॅकच्या शॉर्टकटला आवाजाच्या दोन्ही कळा लावून ठेवा. मग दोन्ही कळा एकदम तीन सेकंद दाबून धरल्या की तो चालू किंवा बंद होतो. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडे सरकवलं की मागची, आणि जी वाचली गेली तिच्यावर दाबायचं असेल तर पडद्यावर कुठेही दोनदा टकटक करायचं. पान सरकवायला दोन बोटं लागतात. एवढं पुरतं. पंधरा मिनिटं सराव करा, मग डोळे मिटून तीच सात पानं पार करायला घ्या.

काय ऐकायचं? प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न मनात ठेवा: हे काय आहे ते कळलं का, त्याची स्थिती कळली का, आणि दाबल्यावर काही घडलं ते कळलं का. पहिलीवर डॉक्टरांच्या यादीत प्रत्येक नावापुढे हृदय आणि बाण अशी चित्रं आहेत. टॉकबॅक दोन्हींना नुसतं ‘बटण’ म्हणतो, कारण नाव दिलेलंच नाही. वीस डॉक्टर, चाळीस निनावी बटणं. कॅलेंडरमध्ये पोचल्यावर ऐकू येतं: ‘सतरा’, ‘अठरा’, ‘एकोणीस’. कोणता महिना, कोणता वार, त्या दिवशी जागा आहे की नाही, काही नाही. जागा असलेले दिवस हिरवे आहेत, नसलेले राखाडी, आणि रंग कानाला ऐकू येत नाही. मी सतरावर दोनदा टकटक केलं. खाली वेळा बदलल्या असणार, पण फोन गप्प. मामा पुन्हा टकटक करतील, आणि निवडलेला दिवस कदाचित पुन्हा सुटेल.

दुसरीवर त्याच ठिकाणी ऐकू आलं: ‘मंगळवार, सतरा तारीख, उपलब्ध, बटण’. दाबल्यावर: ‘निवडलं. दुपारच्या पाच वेळा उपलब्ध.’ मला इतकं बरं वाटलं की मी ते तीनदा ऐकलं. कुणीतरी बसून हे लिहिलेलं आहे, न दिसणारा माणूस इथे येणार हे डोक्यात ठेवून.

चूक मुद्दाम करून बघा, कारण माणसं चुकतातच. माहितीच्या पानावर मोबाइलचे नऊच आकडे भरा आणि पुढे जा. पहिलीवर त्या रकान्याची कड लाल झाली, बस्स. टॉकबॅक काहीच बोलला नाही आणि पान जागचं हललं नाही. दुसरीवर तो त्या रकान्यावर परत गेला आणि ‘मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा’ असं वाचलं. याच पानावर आणखी एक गोष्ट आईच्याही उपयोगाची: रकान्याचं नाव रकान्याच्या बाहेर कायम लिहिलेलं आहे की आत फिकट अक्षरांत, जे पहिलं अक्षर टाइप करताच नाहीसं होतं? आत असेल तर निम्मं भरून फोन आला की परत आल्यावर काय भरत होतो ते कळत नाही.

मामा सराईत असतील तर ते पान वरपासून ऐकत बसत नसतील, शीर्षकांवरून उड्या मारत जात असतील. नव्या टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर किंवा खाली सरकवून ‘शीर्षकं’ निवडता येतात, मग एक बोट खाली सरकवलं की पुढचं शीर्षक. विंडोजवर एनव्हीडीए हा टॉकबॅकसारखाच पान वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर टाकून `H` दाबलं तर तेच होतं. पहिलीवर शीर्षकं मोठ्या अक्षरांत दिसतात, पण कोडमध्ये ती शीर्षकं नाहीतच, नुसता मोठा मजकूर आहे. `H` दाबलं तर पुढे काही नाही असं उत्तर येतं. मामांना दर वेळी वरचे सगळे दुवे ऐकूनच खाली यावं लागेल.

मराठी पान असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली अगदी सोपी: पानावरची एक ओळ निवडून कॉपी करा आणि स्वतःला पाठवायच्या संदेशात चिकटवा. मराठी ओळ मराठीच उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर पान जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना ते मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र ती खिचडीच वाचतो. ओळ निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे, आणि मोठं केल्यावर आईलाही ते फुटलेलं दिसेल. दुसरी गोष्ट पानाच्या कोडच्या सुरुवातीला दिसते:

```html
<html lang="mr">
```

मराठी पानावर इथे `en` लिहिलेलं असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावू शकतो, आणि मग मराठी शब्द वेडेवाकडे उच्चारले जातात किंवा गाळले जातात. मामांच्या फोनवर मराठी आवाज आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या, नाहीतर वेबसाइटला उगाच दोष द्याल.

वेळेची मर्यादा मी घड्याळ लावून मोजली. पहिली, निवडलेली वेळ तीन मिनिटं धरून ठेवते आणि मग न सांगता पहिल्या पानावर फेकते. डोळे मिटून मला माहितीचं एकच पान भरायला सात मिनिटं लागली. काही अपवाद सोडले तर नियम असा आहे की वेळ संपण्याआधी सूचना यावी आणि ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद मिळावेत. दुसरी दहा मिनिटं देते, आठव्या मिनिटाला विचारते, आणि ‘आणखी वेळ हवा’ म्हटलं की वाढवते. माझ्या वडिलांची एकदा अशीच भरलेली सगळी माहिती पुसली गेली होती, एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर. त्यांनी पुन्हा भरली, पुन्हा पुसली गेली, आणि त्यानंतर त्यांनी तो फोन त्या कामासाठी हातात घेतला नाही. म्हणून या मोजणीवर मी अडून बसते.

आता मामांचं ते राहिलेलं काम. दुसरीवर नवीन नाव नोंदवताना वाकडीतिकडी अक्षरं असलेलं चित्र येतं आणि ती अक्षरं टाइप करा म्हणतात. ऐकायचा पर्याय नाही. मामा तिथे अडतील, हा तिचा मोठा दोष आहे आणि तो मी झाकत नाही. पण हे चित्र फक्त नोंदणीच्या वेळी येतं. तुम्ही त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याच फोनवर, एकदा नोंदणी करा, ‘या फोनवर लक्षात ठेवा’वर खूण करा. त्यानंतर मी तीन वेळा गेले, चित्र आलं नाही, फक्त ओटीपी लागला, आणि तो सूचनेतून टॉकबॅकने वाचून दाखवला. मग कॅलेंडरच्या आधीचं पान, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पान, क्रोमच्या मेनूतून होम स्क्रीनवर लावून द्या. सातांतली दोन पानं तिथेच वाचली. आईच्या फोनवरही तेच करा.

क्रोममध्ये लाइटहाउस नावाची तपासणी आहे, ती सुलभतेला शंभरांपैकी गुण देते. तुमच्यासारख्या चिकाटीच्या व्यक्तीला ती सापडेलच, म्हणून सांगते: कमी गुण आले तर विश्वास ठेवा, जास्त आले तर ठेवू नका. चित्राला वर्णन आहे की नाही एवढं यंत्राला कळतं. ते वर्णन ‘डॉक्टरांच्या दवाखान्याचा पत्ता’ आहे की ‘आयएमजी दोन हजार एक्केचाळीस’, हे ऐकणाऱ्यालाच कळतं.

शेवटी दोघांना एकेकदा स्वतः करू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका, बोट दाखवू नका. आई कुठे थांबली, कुठे फोन डोळ्यांजवळ आणला, मामांनी कोणती गोष्ट दोनदा ऐकली, तेवढं कागदावर टिपा. माझ्या तपासणीत न सापडलेलं काहीतरी त्यात निघेल, कारण मी डोळे मिटले तरी माझे डोळे मामांचे होत नाहीत. तो कागद आणि चित्राच्या अक्षरांची तक्रार दुसरीच्या पानावर तळाशी दिलेल्या ‘सुलभता’ दुव्यावरच्या पत्त्यावर पाठवा: कोणता फोन, कोणता स्क्रीन रीडर, कोणतं पान, काय केलं, काय ऐकू आलं. असा दुवा पहिलीवर मला सापडला नाही. आणि दुसरीचं रूप कधी बदललेलं दिसलं तर कॅलेंडरचं आणि माहितीचं, एवढी दोन पानं पुन्हा डोळे मिटून करून बघा.